२४ तास गरम, पण किती गरम?

ऑनलाइन दुकानात स्टीलची इन्सुलेटेड बाटली शोधली की जवळपास प्रत्येक चित्राखाली एकच ओळ दिसते: ‘२४ तास गरम, २४ तास थंड’. बाटली साडेतीनशे मिलीची असो की दीड लिटरची, तोंड अरुंद असो की आत हात जाईल एवढं, किंमत चारशे असो की तीन हजार, चोवीसचा आकडा हलत नाही. त्याखाली आणखी एक ओळ असते, ‘१०० टक्के लीकप्रूफ’. गंमत अशी की या दोन ओळी शब्दशः खोट्या ठरवणं अवघड आहे. गरम म्हणजे किती अंश हे लिहिलेलंच नसतं. बाटली कुठल्या अवस्थेत, किती वेळ, काय भरून ठेवली तेव्हा गळली नाही हेही नसतं. ज्या विधानाला मोजपट्टीच लावता येत नाही, ते खोटं कसं पाडणार?

तरी हे मोजायची साधी पद्धत आहे आणि जपानमध्ये ती बाटलीच्या खोक्यावर छापलेली असते. तिथल्या निर्वात बाटल्यांच्या औद्योगिक मानकाप्रमाणे खोलीचं तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात, बाटलीत झाकणाच्या बुडापर्यंत गरम पाणी भरतात, ते ९५ अंशांवर आलं की झाकण लावतात आणि सहा तास बाटली उभी ठेवतात. सहा तासांनी पाणी किती अंशांवर आहे तो आकडा खोक्यावर जातो. उदाहरणार्थ, ‘सहा तासांनी ६८ अंश किंवा जास्त’. थंडासाठीही तसंच: ४ अंशांचं पाणी, तीच खोली, तेच सहा तास, आणि शेवटी ‘इतके अंश किंवा कमी’. म्हणजे तास सगळ्यांना सारखेच आणि बाटलीगणिक बदलतो तो अंशांचा आकडा. आपल्याकडच्या वर्णनांत नेमकं उलटं होतं. तास सांगतात आणि अंश गाळतात.

आता ‘सहा तासांनी ६८ अंश’ हा आकडा हातात घेऊन पुढचा हिशेब करू. बाटली अर्ध्या लिटरची आणि खोली २० अंशांची आहे असं धरू. आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्यात जेवढा फरक, त्या प्रमाणात उष्णता बाहेर पडते, हा न्यूटनच्या नावाने ओळखला जाणारा नियम. सुरुवातीला फरक होता ९५ वजा २०, म्हणजे ७५ अंशांचा. सहा तासांनी तो ४८ उरला. ४८ म्हणजे ७५ चे ६४ टक्के. पुढच्या सहा तासांत उरलेल्या ४८ चेही ६४ टक्केच राहतील, म्हणजे साधारण ३१. बारा तासांनी पाणी ५१ अंशांवर आलेलं असेल. अठरा तासांनी ४० च्या खाली आणि चोवीस तासांनी ३२-३३ अंशांवर.

बत्तीस-तेहतीस अंश म्हणजे आपल्या अंगापेक्षा थोडं गारच. खोली २० अंशांची आहे, त्यामुळे पाणी खोलीपेक्षा गरम आहे हे खरं, आणि कुणी हटून बसलं तर ‘२४ तास गरम’ हे तेवढ्यापुरतं सिद्धही होतं. पण त्यात चहाची पुडी बुडवून कुणी पिऊन दाखवावी. आणि ही बाटली वाईट नाही, चांगल्यापैकी आहे. याच बाटलीबद्दल प्रामाणिक विक्रेता काय लिहील? ६० अंशांच्या वर साडेआठ तासांपर्यंत, ५० अंशांच्या वर बारा तासांपर्यंत. या दोन आकड्यांत ग्राहकाला हवं ते सगळं कळतं. प्रत्यक्षात फरक खूप मोठा असताना उष्णता या नियमापेक्षा किंचित जास्त वेगाने जाते, त्यामुळे हा हिशेब अंदाजाचा आहे, पण बाटली निवडायला पुरेसा.

साठ अंशांचा टप्पा मी मुद्दाम घेतला. काळ्या कॉफीचा किंवा नुसत्या पाण्याचा प्रश्न चवीपुरता असतो. दूध घातलेला चहा, बाळाचं दूध, पेज, सूप हे वेगळं प्रकरण आहे. शिजवलेलं गरम अन्न वाढेपर्यंत किमान ६० अंशांवर राहावं, अशी आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांची अपेक्षा आहे, कारण त्याखाली जंतूंना वाढायला सोयीची ऊब मिळते. बाटली जितकी चांगली तितकी ती ही कोमट अवस्था जास्त वेळ टिकवते, हे कुणी वर्णनात लिहीत नाही. रात्री भरलेलं दूध सकाळी ‘अजून गरम आहे’ म्हणून बाळाला देणाऱ्या घराला चोवीस तासांच्या त्या ओळीने थेट चुकीचा सल्ला दिलेला असतो.

शिवाय घरचा चहा ९५ अंशांवर बाटलीत जातच नाही. तो उकळतो, उतरतो, गाळणीतून खाली पडतो, आणि बाटलीच्या आतल्या थंड स्टीलला शिवला की आणखी दोन-तीन अंश उतरतो. भरल्यावर हातात येतात ते ८० च्या आसपास. बाहेर २८ अंश असतील तर वरच्या बाटलीत तो ६० वर यायला साडेसहा तास लागतील. भरण्याआधी बाटलीत पाच मिनिटं उकळतं पाणी ठेवून ते ओतून दिलं तर स्टीलने घेतलेले ते दोन-तीन अंश वाचतात. प्रयोगात बाटली आधी अशी तापवली असेल तर वर्णनात तसं लिहायला हवं, कारण सकाळच्या घाईत ग्राहक ती तापवत बसणार नाही.

थंडाची बाजू आणखी मजेदार आहे. पुष्कळ वर्णनांत थंडाचे तास गरमाच्या तासांपेक्षा जास्त असतात, जणू बाटलीला गारव्याची विशेष आवड आहे. कारण सरळ आहे. २० अंशांच्या खोलीत उकळत्या पाण्याला ७५ अंशांचा उतार मिळतो, तर ४ अंशांच्या पाण्याला फक्त १६ अंशांचा चढ. उष्णता आत यायला जोरच कमी. म्हणून वरच्याच बाटलीत ४ अंशांचं पाणी सहा तासांनी १० अंशांवर असतं आणि चोवीस तासांनीही १७ वर. हा आकडा ऐकायला छान आहे, पण तो २० अंशांच्या खोलीतला. मे महिन्यात नागपूरला किंवा चंद्रपूरला सावलीतच ४२ अंश असतात. तिथे फ्रिजमधून काढलेलं ८ अंशांचं पाणी भरलं तर सहा तासांत ते २० वर जाईल, बारा तासांत २८ वर, आणि चोवीस तासांनी ३६ अंशांचं पाणी प्यावं लागेल. तीच बाटली, तेच झाकण. बाहेरची हवा तेवढी बदलली. गरम चहाला मात्र हाच उन्हाळा मदत करतो. म्हणून गरमाचा दावा उन्हाळ्यात आणि थंडाचा दावा हिवाळ्यात तपासून घेतला तर दोन्ही आकडे वाढतात, आणि खोलीचं तापमान न लिहिलेला आकडा वाचताना ही शंका मनात ठेवावी.

तरीही ‘२४ तास थंड’ खरं करून दाखवता येतं. त्यासाठी बर्फ लागतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ जूल उष्णता लागते, आणि बर्फ शिल्लक आहे तोवर पाणी शून्याच्या आसपासच राहतं. आपल्या उदाहरणातल्या बाटलीत, आत शून्य आणि बाहेर २० अंश असताना, जेवढी उष्णता शिरते त्यात तासाला साधारण ९ ग्रॅम बर्फ वितळतो. ३०० मिली थंडगार पाण्यात २०० ग्रॅम बर्फ घातला तर तो एकवीस तास पुरतो आणि चोविसाव्या तासाला पाणी अजून चार-पाच अंशांवर असतं. दावा अगदी खरा. नागपूरच्या ४२ अंशांत मात्र तासाला २० ग्रॅम बर्फ जातो आणि दहा तासांत संपतो. आणि दोन्ही वेळा बाटलीत प्यायला सुरुवातीला तीनशे मिलीच पाणी होतं. तेव्हा थंडाच्या तासांपुढे ‘बर्फासह’ की ‘बर्फाशिवाय’ हा एक शब्द नसेल तर तो आकडा निरुपयोगी आहे. बर्फासह असेल तर किती ग्रॅम, हेही हवं.

ही उष्णता जाते तरी कुठून? १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्यूअर यांनी दुहेरी भिंतीचं काचेचं भांडं तयार केलं आणि दोन भिंतींमधली हवा काढून टाकली. त्यांना चहाशी काही देणंघेणं नव्हतं, अतिथंड द्रवरूप वायू साठवायचे होते. १९०४ मध्ये जर्मनीत त्याचा घरगुती अवतार ‘थर्मास’ या नावाने बाजारात आला आणि १९१३ मध्ये अमेरिकेत विल्यम स्टॅन्ली यांनी पूर्ण स्टीलची बाटली काढली. तत्त्व तेच राहिलं. मधे हवा नसली की उष्णता वाहून न्यायला कुणी उरत नाही. जी किरणांच्या रूपाने जाते तिला चकचकीत पृष्ठभाग परतवतो. म्हणून चांगल्या बाटलीत आतल्या भांड्याला बाहेरून तांब्याचा मुलामा किंवा पातळ पत्रा असतो. मधली उरलीसुरली हवा शोषायला एक छोटी वडीही ठेवतात.

पण दोन भिंती कुठेतरी जोडाव्या लागतातच, आणि त्या जोडल्या जातात तोंडापाशी. आतलं गरम स्टील आणि बाहेरचं थंड स्टील तिथे एकच असतं. त्यावरचं झाकण तर प्लास्टिकचं, निर्वात नसलेलं. चांगल्या बाटलीत जाणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग या तोंडातून आणि झाकणातून जातो. म्हणून अरुंद तोंडाची, लांब बुचासारखं जाड झाकण असलेली बाटली रुंद तोंडाच्या बाटलीपेक्षा जास्त तास काढते, दोन्हींवर ‘दुहेरी भिंत’ एकाच ठळकपणे छापलेलं असलं तरी. रुंद तोंडात बर्फाचे खडे जातात, आतून घासता येतं, हा त्याचा फायदा आहेच. पण फुकट काही मिळत नाही. चहासाठी अरुंद आणि ताकासाठी रुंद घ्यावी, असं माझं मत आहे.

बाटली अर्धी भरली तर काय होतं, हे वर्णनात जवळजवळ कुणीच सांगत नाही. उष्णता जायचे रस्ते तेवढेच राहतात आणि उष्णतेचा साठा निम्मा होतो. परिणामी पाणी जवळपास दुप्पट वेगाने निवतं. एका माणसाने दिवसभर घोट घोट पिण्यासाठी घेतलेली एक लिटरची बाटली दुपारनंतर अर्ध्याच क्षमतेची झालेली असते, आणि प्रत्येक वेळी झाकण उघडताना वाफ जाते ती वेगळीच. ‘सहा तासांनी ६८’ हा आकडा काठोकाठ भरलेल्या, एकदाही न उघडलेल्या बाटलीचा आहे. म्हणून तो वरची मर्यादा समजावी.

घरी मोजायचं असेल तर स्वयंपाकघरातला काडीचा डिजिटल तापमापक पुरतो. तो आधी तपासून घ्यावा. चुरलेल्या बर्फाच्या आणि पाण्याच्या काल्यात त्याने शून्य दाखवायला हवं. उकळत्या पाण्यात मुंबईला १०० आणि पुण्याला ९८, कारण उंचीबरोबर उत्कलनबिंदू उतरतो. मग बाटली भरून तापमान घ्यावं, झाकण लावावं आणि सहा तास हात लावू नये. दर तासाला उघडून बघण्याचा मोह टाळावा, कारण अशाने बाटलीपेक्षा आपल्या उत्सुकतेचीच परीक्षा होते. सहा तासांनी बाटली दोनदा हळूच उलटसुलट करावी, कारण गरम पाणी वर आणि गार खाली असे थर झालेले असतात, आणि काडी मधोमध बुडवावी. कपात ओतून मोजलं तर कपच चार-पाच अंश खातो. शेवटी सुरुवातीचं तापमान, शेवटचं तापमान आणि खोलीचं तापमान, तिन्ही लिहावेत. पहिल्या फरकाचा किती हिस्सा उरला तो काढला की कुठल्याही ऋतूत केलेला प्रयोग दुसऱ्याशी ताडून बघता येतो. आपल्या बाटलीत तो ६४ टक्के होता.

बाटली बिघडलेली आहे की नाही हे कळायला तापमापकही लागत नाही. उकळतं पाणी भरून पाच मिनिटांनी बाहेरून हात फिरवावा. गळ्यापाशी ऊब लागणारच, तो जोड आहे. पोट किंवा बूड गरम लागलं तर मधली निर्वात पोकळी गेली. भरलेली बाटली पडून खोल पोचा आला, किंवा कारखान्यातच जोडाला बारीक चीर राहिली, की हवा आत शिरते आणि बाटली पाच-सहापट वेगाने निवायला लागते. थंड पाणी भरल्यावर बाटलीच्या पोटावर दव जमलं तरी निदान हेच. यावर दुरुस्ती नाही. म्हणून परत देण्याची मुदत संपायच्या आत हा पाच मिनिटांचा प्रयोग करून घ्यावा.

आता गळतीकडे येऊ. ‘लीकप्रूफ’ लिहिणाऱ्याने प्रयोग केलेला असेलच तर बहुधा असा: नळाचं पाणी भरलं, झाकण घट्ट केलं, बाटली उलटी धरली, दहा सेकंदांत थेंब पडला नाही. एवढ्याने नव्या वायसरची कुठलीही बाटली पास होते. खरी गळती गरम पाण्यात आणि धक्क्यांत होते. गरम द्रव भरून झाकण लावलं की वर अडकलेली हवा तापते, वाफ भरते आणि आतला दाब बाहेरपेक्षा वाढतो. त्यात बाटली मोटारसायकलच्या डिकीत हिंदकळली तर वाफ आणखी सुटते. हा दाब वायसरच्या कडेने वाट शोधतो. स्ट्रॉच्या झाकणात तर तो थेट नळीतूनच द्रव वर ढकलतो, म्हणून स्ट्रॉची बाटली गरम पेयासाठी वापरू नये असं बनवणारेच सांगतात. बटण दाबून ओतायचं झाकण सोयीचं, पण त्यात हलणारा भाग आणि एक जास्तीची रबरी चकती असते. चहाची साय आणि साखर तिथेच चिकटते आणि महिन्याभराने झाकण पाझरू लागतं. साधं, फिरवून घट्ट करायचं, एकसंध झाकण या सगळ्यांत विश्वासू.

दाब उलट बाजूनेही येतो. महाडहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलं की बाहेरच्या हवेचा दाब साधारण १५ टक्क्यांनी उतरतो, आणि खाली घट्ट लावलेली सिपरची बाटली वर उघडताच फवारा देते. ताक दिवसभर बाटलीत राहिलं तर आंबून वायू सुटतो. सोड्याची गोष्ट तर उघडच आहे. या बाटल्यांना प्रेशर कुकरसारखी शिट्टी नसते, म्हणून फसफसणारी पेयं भरू नका ही सूचना गंभीरपणे घ्यावी. आणि द्रव निवला की आतला दाब उतरतो, झाकण आत ओढलं जातं आणि उघडेनासं होतं. तो बिघाड नव्हे.

मग प्रामाणिक चाचणी कशी असावी? कारखान्यात झाकणाला साच्यात बसवून आतून दाबाची हवा देतात आणि दाब उतरतो का किंवा पाण्यात बुडबुडे येतात का ते बघतात. छोट्या विक्रेत्याला हे यंत्र परवडत नाही, पण कागद परवडतो. पाण्यात खाण्याचा लाल रंग घालायचा. बाटली पूर्ण कोरडी पुसून झाकणाभोवती पांढरा टिश्यू गुंडाळायचा आणि रबर लावायचं. आधी गार पाण्याने अर्धा तास उलटी, मग ९० अंशांच्या पाण्याने अर्धा तास उलटी, मग गरमच पाण्याने आडवी ठेवून पिशवीत घालून स्कूटरवरून एक फेरी. प्रत्येक वेळी कागद नवा. गरम पाण्याची बाटली उलटी ठेवताना ती बादलीत ठेवावी, झाकण सुटलं तर पायावर नको.

कागदाऐवजी वजन करावं असं वाटतं, कारण वजन आकड्यात मिळतं. पण हिशेब करून बघा. पाण्याचे साधारण वीस थेंब मिळून एक ग्रॅम होतो. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही, म्हणजे दहा थेंब गळले तरी त्याला पत्ता नाही. कागदावर एका थेंबाचा लाल डाग लांबून दिसतो. लॅपटॉपच्या बॅगेत बाटली ठेवणाऱ्याला त्या एका थेंबाचंच पडलेलं असतं.

यानंतरचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत: किती बाटल्या तपासल्या? एकच तपासली आणि ती गळली नाही, तर त्या एकीबद्दलच कळलं. बारा तपासल्या आणि एकही गळली नाही, तरी संख्याशास्त्र सांगतं की साऱ्या मालात चारातली एक गळकी असण्याची शक्यता अजून नाकारता येत नाही. यासाठी एक सोपा ठोकताळा आहे. तीनला तपासलेल्या नगांनी भागायचं, आणि जेवढं येईल तेवढा दोष साऱ्या मालात असू शकतो असं धरायचं. तीस तपासून शून्य सापडल्या तर दहा टक्क्यांपर्यंत, तीनशे तपासून शून्य तर एक टक्क्यापर्यंत. हजार बाटल्या विकणाऱ्याने बारा तपासून ‘१०० टक्के’ लिहिलं तर तो शब्द त्याने कमावलेला नाही.

या सगळ्यावरून अर्ध्या लिटरच्या त्या बाटलीचं वर्णन असं लिहिता येईल. आकडे उदाहरणादाखल आहेत: ‘झाकण लावून ४७० मिली मावतं. २० अंशांच्या खोलीत, आधी न तापवता, काठोकाठ भरलेलं ९५ अंशांचं पाणी ६ तासांनी ६८ अंश, १२ तासांनी ५१ अंश. ४ अंशांचं पाणी, बर्फाशिवाय, ६ तासांनी १० अंश. अर्धी भरल्यास जवळपास दुप्पट वेगाने निवते. उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर थंडाचे तास बरेच कमी होतील. ३० नग गार आणि ९० अंशांच्या पाण्याने अर्धा अर्धा तास उलटे ठेवून तपासले, एकही गळला नाही. बाटली पडल्यानंतरची आणि वर्षभर वापरलेल्या वायसरची चाचणी केलेली नाही. दुधाचे पदार्थ चार तासांच्या आत संपवावेत. फसफसणारी पेयं भरू नयेत.’ यातलं ४७० मिली बघा. नाव ५०० चं असलं तरी झाकणाचं बूच आत उतरतं आणि जागा खातं. चार तास हा आकडा साडेसहाच्या बराच अलीकडे ठेवला आहे, कारण ग्राहकाचा चहा किती गरम भरला जाईल आणि तो किती वेळा झाकण उघडेल हे विक्रेत्याच्या हातात नाही.

अशा वर्णनाने विक्री घटेल, अशी भीती विक्रेते बोलून दाखवतात. शेजारचा चोवीस लिहितो आणि आपण सहा लिहायचे, हे अवघड आहे हे मान्य. पण ग्राहक संरक्षण कायद्याखाली जून २०२२ मध्ये आलेल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मोठ्या अक्षरांतला दावा आणि खालच्या बारीक टिपेत त्याच्या उलट अटी, हा प्रकार चालत नाही. ‘२४ तास’ ठळक आणि ‘प्रयोगशाळेच्या स्थितीत’ मुंगीएवढं, ही युक्ती म्हणूनच धोक्याची झाली आहे. घरगुती इन्सुलेटेड बाटल्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेशही काढला. स्टीलच्या निर्वात बाटल्यांचं भारतीय मानक आहे आयएस १७५२६. बाटलीवर आयएसआय चिन्हाबरोबर हा क्रमांक असेल तर ती किमान कसोटीतून गेली आहे असं समजता येतं. चोवीस तासांच्या दाव्याला मात्र त्या चिन्हाचा आधार मिळत नाही, आणि चित्रात दोन्ही शेजारी शेजारी छापून तसा भास केला जातो.

वापरात आलेल्या बाटलीची गळती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते: सिलिकॉनची ती वायसर. धुताना ती निसटते, मोरीत जाते, किंवा उलटी बसवली जाते. तिची एक कड जाड असेल तर ती कुठल्या बाजूला यायची हे झाकणाच्या चित्रासह दाखवलेलं असावं. तेलकट सूप आणि रोजचा चहा यांनी ती वर्ष-दोन वर्षांत फुगते किंवा कडक होते आणि मग कितीही पिळलं तरी झाकण पाझरतं. काही जण अशी बाटली टाकून देतात, जेव्हा बदलायची असते ती काही रुपयांची चकती. वायसर वेगळी मिळते का, कुठल्या मापाची आणि केवढ्याला, हे वर्णनात दिलेलं नसेल तर विकत घेण्याआधी विक्रेत्याला तेवढं विचारून घ्यावं.